धुतलेल्या तुकड्याचं माप

बहिणीसाठी विणलेला पहिला अंगाबरोबरचा स्वेटर माझ्या चांगला लक्षात आहे. मऊ मेरिनो लोकर, एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशी साधी वीण, कंबरेला थोडे टाके कमी करून दिलेला आकार. शिवून झाल्यावर तिनं घालून पाहिला तेव्हा खांद्यापासून मनगटापर्यंत नेमका बसला होता. महिनाभरानं तिनं तो पहिल्यांदा धुतला आणि मला फोन केला. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या होत्या, छातीला सैल झाला होता आणि कंबरेचा आकार घसरून नितंबांवर आला होता.

पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी आधी नमुन्याचा तुकडा विणला होता. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके यायला हवे होते आणि तेवढेच आले होते. मोजण्यात चूक नव्हती. चूक होती ती कधी मोजलं यात. तो तुकडा मी धुतलाच नव्हता.

यंदा भाचीसाठी तसाच स्वेटर विणायला घेतला. लोकरही तशीच. या वेळी तुकड्यापासून कसकशी सुरुवात केली ते सविस्तर सांगते, कारण शाल किंवा मफलर दोन-चार सेंटिमीटर वाढला तर काही बिघडत नाही, पण अंगाबरोबरच्या कपड्यात तेवढ्यानं सगळं बिघडतं.

ठरावीक लांबी-रुंदीत किती टाके आणि किती ओळी बसतात, या प्रमाणाला गेज म्हणतात. जुन्या ब्रिटिश पुस्तिकांमध्ये यालाच 'टेन्शन' असा शब्द असे. माझ्या हातातल्या कृतीत १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी, सुई ४ मिलिमीटरची, असं दिलं होतं. भाचीची छाती ८८ सेंटिमीटर. स्वेटर अंगालगत बसायला हवा, म्हणून तयार घेर ९० धरला. ९० सेंटिमीटरला १९८ टाके, म्हणजे पुढच्या आणि मागच्या भागाला ९९-९९, आणि शिवणीत जाणारे दोन-दोन धरून प्रत्येकी १०१. कृतीतले सगळे आकडे त्या २२ आणि ३० यांच्यावर उभे असतात. आपल्या हाताचं प्रमाण वेगळं निघालं, तर आकडे तेच राहतात आणि कपडा वेगळा होतो.

सुईबद्दल इथेच एक सांगायला हवं. आपल्याकडच्या दुकानात सुया नंबरानं मागतात आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ९ नंबर म्हणजे पावणेचार. अमेरिकन पुस्तकात उलट असतं. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते आणि त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. म्हणून कृती कुठलीही असो, मिलिमीटरमधलं माप बघावं, नंबर नव्हे.

तुकडा केवढा विणायचा? बहुतेक जणी इथेच हात आखडता घेतात. २२ टाके हवेत ना, मग २२ टाके घालायचे, चार बोटं विणायचं आणि पट्टी लावायची. पण कडेचे टाके कधीच आतल्यासारखे नसतात. ते सैल किंवा ओढलेले असतात, शिवाय सुलट-उलट विणीच्या कडा आत वळतात. म्हणून मी ४० टाके घेतले. सुरुवातीच्या आणि शेवटच्या सहा-सहा ओळी सगळ्या सुलट, दोन्ही कडांना चार-चार टाके प्रत्येक ओळीत सुलट, म्हणजे तुकडा सपाट पडून राहतो. आत ३२ टाक्यांचा आणि ४२ ओळींचा चौकोन. मोजायचं फक्त त्यातच, आणि त्याच्याही कडेला थोडी जागा सोडून.

हा तुकडा एका बैठकीत घाईनं विणू नये. पहिल्या ओळींना हात आखडलेला असतो, मग सैलावतो. दुपारी गप्पा मारताना आणि रात्री दमल्यावर विणतो तसाच तुकडाही विणावा, कारण स्वेटर तसाच विणला जाणार असतो. आणि ज्या सुयांवर स्वेटर विणायचा त्याच सुया घ्याव्यात. बांबूच्या सुईवर लोकर थोडी अडते, स्टीलच्या सुईवर सरकते, आणि त्यानं मापही बदलू शकतं.

मोजण्याची माझी पद्धत अशी. टाके बंद केल्यावर पांढऱ्या सुती दोऱ्यानं दोन उभ्या खुणा घातल्या, बरोबर २४ टाक्यांच्या अंतरावर. तशाच दोन आडव्या खुणा ३० ओळींच्या अंतरावर. पांढरा दोरा अशासाठी, की धुताना त्याचा रंग लोकरीला लागू नये. आता टाके पुन्हा पुन्हा मोजायची गरज नाही. ते २४ आहेत हे ठरलं, मोजायचं फक्त खुणांमधलं अंतर. दहा सेंटिमीटरवर टाचण्या लावून मधले टाके मोजण्याची पद्धतही चांगली आहे, पण तिथे शेवटचा अर्धा टाका सोडून देण्याचा मोह होतो. तो सोडायचा नाही. अर्धा टाका घेरभर पसरला की दोन सेंटिमीटर होतात. आणि दोन सेंटिमीटरमधले टाके मोजून पाचानं गुणणं तर करूच नये, कारण तिथल्या अर्ध्या टाक्याची चूक गुणाकारात अडीच टाक्यांची होते.

तुकडा टेबलावर ठेवला, हातानं ओढला नाही की दाबला नाही, आणि त्यावर स्टीलची पट्टी ठेवली. शिवणाची टेप जुनी झाली की ताणली गेलेली असते, म्हणून ती नको. तीन ठिकाणी मोजलं. २४ टाक्यांचं अंतर १०.९ सेंटिमीटर, ३० ओळींचं १०. हिशेब केला तर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी. कृतीत होतं तेच. बहिणीच्या वेळी मी नेमकी इथे थांबले होते. हे आकडे वहीत लिहिले आणि पुढे 'न धुता' असा शेरा मारला. तो शेरा महत्त्वाचा आहे, पुढे त्याचं काम पडतं.

मग धुणं. नियम एकच. स्वेटर पुढे जसा धुतला जाणार तसाच तुकडा धुवायचा. भाची हातानं धुणार, म्हणून कोमट पाण्यात लोकरीचा सौम्य साबण घालून तुकडा वीस मिनिटं भिजत ठेवला. रिठ्याचं पाणीही चालतं. चोळायचं नाही, पिळायचं नाही. पाणी पूर्ण आतपर्यंत जायला हवं, नुसतं वरून शिंपडून उपयोग नाही. मग साध्या पाण्यातून काढून टॉवेलमध्ये गुंडाळला, वरून दाबून पाणी काढलं आणि दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर सपाट पसरून ठेवला. दोरीवर टाकला नाही आणि हवा तेवढा ओढून टाचण्यांनी ताणूनही ठेवला नाही. जाळीदार विणीला ताणून वाळवावं लागतं, कारण तो कपडाही दर वेळी तसाच वाळवतात. साध्या स्वेटरला कोणी दर धुण्याला टाचण्या लावत नाही. मग तुकड्याला लावून मिळालेलं माप स्वेटरमध्ये कसं टिकेल?

पूर्ण वाळायला दीड दिवस लागला. पावसाळ्यात तीन दिवसही लागतात. हाताला किंचित गार लागतो तोवर तो ओला आहे आणि ओल्या तुकड्याचं माप खोटं असतं.

वाळलेल्या तुकड्यावर पुन्हा तीच पट्टी ठेवली. २४ टाके आता ११.७ सेंटिमीटरचे झाले होते. आधी १०.९ होते. म्हणजे आठ मिलिमीटरचा फरक, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा. पण १० सेंटिमीटरला २२ ऐवजी साडेवीसच टाके पडले, आणि १९८ टाक्यांचा घेर ९० ऐवजी ९६.६ सेंटिमीटर झाला असता. उभ्या दिशेनं वाढ आणखी जास्त होती. ३० ओळींचे १० सेंटिमीटर होते ते ११.१ झाले, म्हणजे १० सेंटिमीटरमध्ये २७ ओळी. बहिणीच्या स्वेटरचं काय झालं होतं ते मला टेबलावर त्या एवढ्याशा चौकोनात दिसलं.

असं का होतं? विणताना लोकर आपल्या बोटांतून ताणत येते. सुई प्रत्येक फासाला आकार देते, पण तो आकार लोकरीनं मनापासून घेतलेला नसतो. पाण्यात भिजली की ती सुटते, सुताचा पीळ निवतो, फुलतो, आणि प्रत्येक फास त्याला सोयीच्या गोलाईत जाऊन बसतो. विणीची खरी स्थिती ती. सुईवरची स्थिती तात्पुरती. आता माझी लोकर सुपरवॉश होती, म्हणजे मशीनमध्येही धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकतात म्हणून गरम पाण्यात चोळलेली साधी लोकर आटून नमद्यासारखी होते. सुपरवॉश करताना क्लोरीननं ते खवले बोथट करतात आणि बहुतेकदा वर पॉलिमरचा पातळ थर देतात. लोकर आटत नाही, पण तंतूंची एकमेकांवरची पकडही जाते. मग फास सरकतात आणि कपडा स्वतःच्या वजनानं लांबतो. साधी, प्रक्रिया न केलेली लोकर धुतल्यावर फुलते, मधल्या फटी भरून काढते आणि सहसा एवढी वाढत नाही.

म्हणून एका लोकरीचा अनुभव दुसरीला लावता येत नाही. आपल्या बाजारात जास्त मिळते ती ॲक्रिलिक 'लोकर' पाण्यानं फारशी हलत नाही, तिला धोका आहे तो इस्त्रीच्या वाफेचा. वाफ जास्त लागली की ॲक्रिलिकचा फास कायमचा ढिला पडतो, लोंबतो, आणि काही केल्या परत येत नाही. शिवण्याआधी स्वेटरच्या भागांवर वाफेची इस्त्री फिरवायची सवय असेल, तर ती आधी तुकड्यावर फिरवून बघावी. सुती दोरा धुतल्यावर लांबीत आटू शकतो आणि घालून घालून पुन्हा खाली ओढला जातो. भाचीचा स्वेटर परदेशी ड्रायरमध्ये जाणार असता, तर मी तुकडाही ड्रायरमध्येच वाळवला असता, कारण सुपरवॉश लोकर तिथे बरीचशी परत आवळते आणि माप वेगळं येतं.

मग ९ नंबरची, पावणेचार मिलिमीटरची सुई घेऊन दुसरा तुकडा विणला, तसाच, तेवढाच. न धुता १० सेंटिमीटरमध्ये साडेतेवीस टाके आणि साडेएकतीस ओळी. धुऊन, वाळवून २२ टाके आणि साडेअठ्ठावीस ओळी. टाके जुळले. आता घेर ९० येणार.

ओळी मात्र जुळल्या नाहीत, आणि त्या जुळवण्यासाठी तिसरी सुई शोधत बसायचं नाही. सुई बदलली की टाके आणि ओळी दोन्ही बदलतात, त्यामुळे दोन्ही एकदम क्वचितच साधतात. रुंदी टाक्यांनी ठरते आणि ती मधे बदलता येत नाही, म्हणून सुई टाक्यांसाठी निवडायची. उंची आपल्या हातात असते, कारण ओळी कमी-जास्त विणता येतात. पण किती, ते धुतलेल्या मापावरून ठरवायचं.

बाहीचं उदाहरण घेऊ. मनगटापासून काखेपर्यंत ४३ सेंटिमीटर हवी. कृतीच्या हिशेबानं १२९ ओळी होतात. तेवढ्या विणल्या असत्या तर धुतल्यावर बाही सव्वापंचेचाळीस सेंटिमीटर झाली असती. माझ्या मापानं ४३ सेंटिमीटरला १२२ ओळी पुरतात. खालच्या काठापासून मुंढ्यापर्यंत ३८ सेंटिमीटरला ११४ ऐवजी १०८ आणि मुंढ्याच्या १८ सेंटिमीटर खोलीला ५४ ऐवजी ५२. कंबरेसाठी टाके कमी करायची आणि वाढवायची जागाही याच हिशेबानं काढली, कारण अंगाबरोबरच्या स्वेटरमध्ये कंबर कंबरेवरच यावी लागते.

बऱ्याच कृतींमध्ये ओळी नसतात, 'बाही ४३ सेंटिमीटर होईपर्यंत विणा' एवढंच असतं. तसं टेप लावून विणलं तर न धुतलेली बाही ४३ होते आणि धुतलेली साडेसत्तेचाळीस. म्हणून मी सेंटिमीटर धरून विणत नाही, ओळी धरून विणते. १२२ ओळी झाल्यावर बाही टेबलावर मोजली तर ती जेमतेम पावणेएकोणचाळीस सेंटिमीटर भरली. भाचीच्या हाताला लावून पाहिली तर मनगटाच्या बरीच वर राहिली. ती म्हणाली, "मावशी, अजून चार बोटं विण ना." मी तिला धुतलेला तुकडा दाखवला आणि टाके बंद केले. ही वेळ कठीण असते. हातातलं आखूड दिसणारं काम एकीकडे आणि वहीतले आकडे दुसरीकडे. नीट धुऊन, पूर्ण वाळवून मोजलेलं असेल तर वहीवर विश्वास ठेवावा.

'न धुता' असा शेरा मारलेल्या आकड्यांचं काम इथेच पडतं. स्वेटर विणायला घेतल्यावर हात बदलतो. मोठ्या कामात तो सैलावतो, लक्ष दुसरीकडे असलं की आणखी. म्हणून पाठीचा भाग वीतभर झाल्यावर मी तो सपाट ठेवून मोजला. सुईवरचा भाग अजून धुतलेला नाही, मग तो न धुतलेल्या मापाशीच ताडून बघायचा, १० सेंटिमीटरमध्ये साडेतेवीस टाके आहेत का ते. सुईजवळच्या दोन बोटांत मोजू नये, तिथे टाके फाकलेले असतात. तिथे २२ टाके आले असते आणि 'वा, कृतीत तेवढेच तर आहेत' म्हणून मी पुढे गेले असते, तर तो बहिणीचाच स्वेटर पुन्हा झाला असता. माझे साडेतेवीस आले. एखादीचे २२ आले, तर वीतभरच उसवावं लागेल आणि सुई बदलावी लागेल.

या पद्धतीची एक मर्यादाही सांगायला हवी. तुकड्याला वजन नसतं. पूरा स्वेटर तीनशे-चारशे ग्रॅमचा असतो आणि ते वजन खांद्यावरून खाली ओढतं. सुपरवॉश किंवा सुती कपड्यात हे नक्की जाणवतं. म्हणून धुऊन, वाळवून, मोजून झालेला तुकडा मी दोन चिमट्यांनी दोरीला लावला, खालच्या कडेला आणखी चार चिमटे अडकवले आणि रात्रभर टांगून ठेवला. सकाळी ३० ओळींच्या खुणा पुन्हा मोजल्या, फरक एका मिलिमीटरच्या आत होता, म्हणून हिशेब बदलला नाही. अर्धा सेंटिमीटर भरला असता तर ओळी आणखी कमी केल्या असत्या. आणि गोल सुईवर सलग गोल विणायचा स्वेटर असेल, तर तुकडाही गोलच विणावा. गोल विणताना सगळ्या ओळी सुलट येतात, आणि पुष्कळ जणींची उलट ओळ सुलटपेक्षा सैल पडते, त्यामुळे मागे-पुढे विणलेल्या तुकड्याचं माप तिथे लागू पडत नाही.

दोन तुकड्यांत मिळून चार-साडेचार हजार टाके गेले. भाचीच्या स्वेटरमध्ये पंचेचाळीस ते पन्नास हजारांच्या दरम्यान आहेत. विणायला दोन संध्याकाळी आणि वाळायला तीन दिवस, एवढा वेळ लागला. लोकर मोजकी असेल तर तुकडे उसवून वापरता येतात, पण मी पन्नास ग्रॅमचा एक गुंडा जास्त आणते आणि तुकडे ठेवून देते.

स्वेटर शिवून झाला, भिजवला, टॉवेलात दाबला आणि चटईवर पसरला. तिसऱ्या दिवशी मोजला तेव्हा घेर साडेनव्वद सेंटिमीटर होता आणि बाही ४३. धुतलेल्या तुकड्याला सुईचा नंबर, लोकरीचं लेबल आणि दोन्ही मापं लिहिलेली चिठ्ठी बांधून तो डब्यात ठेवला आहे. पुढच्या वेळी हीच लोकर घेतली तर सुरुवात कुठून करायची ते त्या चिठ्ठीवर आहे.